राकसकोप भरलं, नळ मात्र कोरडे: ऑलदो, डिस्पाइट आणि हाउएव्हर कसे वापरायचे

पावसाळ्यात बेळगावात एक तक्रार हमखास ऐकू येते: राकसकोप धरण भरलं, तरी आमच्या नळाला पाणी नाही. मराठीत हे सांगायला कुणाला शिकवावं लागत नाही. हीच तक्रार इंग्रजी अर्जात लिहायची वेळ आली, की दहावीचा मुलगाही अडतो आणि बी.कॉम. झालेला त्याचा दादाही अडतो. दोघांनाही शब्द माहीत असतात. ऑलदो म्हणजे जरी, डिस्पाइट म्हणजे असूनही, हाउएव्हर म्हणजे तथापि, एवढं पाठ असतं. पण प्रत्येक शब्दाबरोबर वाक्याची बांधणी बदलते आणि स्वल्पविरामाची जागाही बदलते, आणि घोळ तिथे होतो.

म्हणून या लेखात वाक्यांची एकच जोडी घेऊ आणि तीच तिन्ही शब्दांतून फिरवून पाहू. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, म्हणजे मोठ्याने वाचता येतील. वाचताना जिथे विराम दिसेल तिथे खरोखर थांबा. वहीत उतरवताना अर्थातच इंग्रजी लिपीत लिहा.

आपली जोडी अशी:

द रिझर्व्हॉयर इज फुल. अवर टॅप्स आर ड्राय.

जलाशय भरलेला आहे. आमचे नळ कोरडे आहेत.

आधी ठरवा: जोर कशावर द्यायचा आहे?

जोडशब्द निवडण्याआधीची ही पायरी बहुतेक जण गाळतात. विरोध दाखवताना दोन गोष्टींपैकी एक आपण नुसती मान्य करतो आणि दुसरी ठासून सांगतो. ऑलदो ज्या भागाला लागतो तो भाग मान्य केलेला असतो. उरलेलं वाक्य म्हणजे आपलं खरं म्हणणं.

ऑलदो द रिझर्व्हॉयर इज फुल, अवर टॅप्स आर ड्राय.

हे वाक्य नागरिकाचं आहे. धरण भरलंय हे मान्य, पण आमचं म्हणणं नळाबद्दल आहे. आता ऑलदो दुसऱ्या भागाला लावा:

ऑलदो युअर टॅप्स आर ड्राय, द रिझर्व्हॉयर इज फुल.

हे वाक्य साहेबांचं झालं. नळाचं काय ते बघू, साठा भरपूर आहे, काळजी नको! माहिती तीच, शब्दही जवळपास तेच, पण अर्ज करणारा बदलला. इथे चूक झाली तर व्याकरण बरोबर असूनही अर्ज तुमच्याच विरोधात बोलतो. म्हणून कच्च्या कागदावर दोन्ही साधी वाक्यं लिहा आणि जे ठासून सांगायचं आहे त्याच्याखाली रेघ मारा. ऑलदो किंवा डिस्पाइट जाईल ते रेघ नसलेल्या वाक्याला.

ऑलदो: पुढे पूर्ण वाक्य, आणि ‘बट’ला रजा

ऑलदोच्या पुढे कर्ता आणि काळ दाखवणारं क्रियापद असलेलं वाक्य लागतं. द रिझर्व्हॉयर हा कर्ता, इज हे क्रियापद. एवढं असलं की काम झालं.

आता आपल्याकडची नेहमीची चूक बघा:

ऑलदो द रिझर्व्हॉयर इज फुल, बट अवर टॅप्स आर ड्राय.

ही चूक आळसाने होत नाही, सवयीने होते. मराठीत जरी आणि तरी जोडीने येतात, म्हणून ऑलदोच्या जोडीला बट यावंसं वाटतं. त्यातून गंमत अशी, की मराठीत या जोडीतला ‘जरी’ खुशाल गाळता येतो. “राकसकोप भरलं तरी नळ कोरडेच” हे वाक्य ठणठणीत आहे. पण ‘तरी’ गाळून बघा: “जरी राकसकोप भरलं, नळ कोरडेच.” लंगडं वाटतं. म्हणजे आपल्या भाषेत भार वाहतो तो दुसरा शब्द.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांच्या कानावर घरी मराठी आणि बाहेर कन्नड पडत असतं. कन्नडचा कलही तोच. तिथे ‘भरलं तरी’ला ‘तुंबिदरू’ म्हणतात, म्हणजे विरोधाची खूण क्रियापदाच्या शेपटाला येते. दोन्ही भाषांचं वळण सारखंच, त्यामुळे आपल्या मुलाला ही सवय दोन्हीकडून लागते. इंग्रजीत उलटं आहे. तिथे भार पहिला शब्द वाहतो. ऑलदो आला की वाचणाऱ्याला कळतं, पुढे काहीतरी उलट येणार. मग बटला काही कामच उरत नाही.

वर्गात यावर एक प्रश्न ठरलेला असतो: “सर, बट टाकलं तर काय बिघडतंय? समजतंय की!” समजतं, हे खरंच. पण बट हा दोन बरोबरीची वाक्यं जोडणारा शब्द आहे, आणि ऑलदोने त्यातलं एक वाक्य आधीच दुय्यम केलेलं असतं. दोन्ही शब्द एकत्र आले की वाक्यात मुख्य भागच राहत नाही. तुम्हाला बट हवाच असेल तर ऑलदो काढा: द रिझर्व्हॉयर इज फुल, बट अवर टॅप्स आर ड्राय. हेही अगदी बरोबर आहे.

जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांत दो आणि येट ही जोडी शिकवलेली आढळते, आणि आजोबांच्या पिढीचे लोक ती सफाईने वापरतात. त्यांना चूक म्हणू नका, ती इंग्रजीची जुनी रीत आहे. मात्र आजच्या लेखनात तीही नको. दो हा ऑलदोचाच जरा मोकळा भाऊ, आणि ईव्हन दो म्हणजे तोच अर्थ जास्त जोर देऊन. बांधणी तिघांची एकच.

विरामाचं गणित सोपं आहे. ऑलदोचा भाग आधी आला तर तो संपतो तिथे स्वल्पविराम. नंतर आला तर बहुतेक वेळा काहीच नाही:

अवर टॅप्स आर ड्राय ऑलदो द रिझर्व्हॉयर इज फुल.

स्वल्पविराम ऑलदोच्या लगेच पुढे कधीच टाकू नका. हाउएव्हरच्या पुढे तो पाहिलेला असतो, म्हणून काही मुलं इथेही टाकतात.

आणखी एक चूक हल्ली व्हॉट्सॲपमुळे वाढली आहे. मराठीत आपण बिनदिक्कत लिहितो: “नळ कोरडे आहेत. राकसकोप भरलेलं असूनही.” पूर्णविरामानंतरचा तुकडा मराठीत खपतो, उलट जोरच येतो. इंग्रजी अर्जात “ऑलदो द रिझर्व्हॉयर इज फुल” एवढंच लिहून पूर्णविराम दिला, तर ते अर्धवट वाक्य धरलं जातं. ओळखायची खूण: ऑलदोने सुरू होणारं वाक्य एकटंच मोठ्याने वाचा. ऐकणारा “बरं, मग?” म्हणेल असं वाटलं, तर ते शेजारच्या वाक्याला जोडा.

डिस्पाइट: क्रियापदाचं नाम करा

डिस्पाइटच्या पुढे पूर्ण वाक्य चालत नाही. नाम लागतं, किंवा क्रियापदाचं आयएनजी लावलेलं रूप. म्हणून “डिस्पाइट द रिझर्व्हॉयर इज फुल” हे चूक. ऑलदोच्या वाक्यातून डिस्पाइटकडे जाताना पुढच्या क्रमाने जा.

पहिल्यांदा बघा, वर्णन करणारा शब्द नामाच्या आधी सरकवता येतो का. रिझर्व्हॉयर इज फुल, तर फुल आधी आणा आणि इज काढा:

डिस्पाइट द फुल रिझर्व्हॉयर, अवर टॅप्स आर ड्राय.

असंच “द रेन वॉज हेवी”चं “डिस्पाइट द हेवी रेन” होतं. खानापूर, कणकुंबीकडच्या पोरांना या वाक्याचा सराव जून ते सप्टेंबर रोज करता येईल.

हे जमलं नाही आणि वाक्यात काहीतरी करण्याची क्रिया असली, तर आयएनजी लावा. “वी पेड द बिल”चं “डिस्पाइट पेइंग द बिल”. नकार असेल तर नॉट आधी येतो: डिस्पाइट नॉट गेटिंग वॉटर, वी पे द बिल. पाणी न मिळूनही आम्ही बिल भरतो.

दोन्ही जमत नसेल तर शेवटची वाट आहे: डिस्पाइट द फॅक्ट दॅट, आणि त्यापुढे अख्खं वाक्य. ही वाट नेहमी उघडी असते, पण लांबलचक आहे. अडल्याशिवाय तिकडे जाऊ नका. तिथे ऑलदो एका शब्दात काम करतो.

डिस्पाइटच्या पुढे ऑफ नाही. इन स्पाइट ऑफ हा तीन शब्दांचा गट वेगळा, आणि त्यात ऑफ हवाच. अर्थ दोघांचा एकच, म्हणून लिहिताना एकाचं शेपूट दुसऱ्याला लागतं. स्वल्पविरामाचा नियम मात्र ऑलदोसारखाच: भाग पुढे असला तर त्याच्या शेवटी द्यायचा, मागे असला तर सहसा नाही.

इथपर्यंतच्या चुका गुण कापणारे लगेच पकडतात. यापुढची चूक बारीक आहे, आणि चांगलं इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या हातूनही होते. हे वाक्य बघा:

डिस्पाइट पेइंग द बिल ऑन टाइम, द वॉटर डज नॉट कम.

मराठीत “वेळेवर पाणीपट्टी भरूनही पाणी येत नाही” हे निर्दोष वाक्य आहे. पाणीपट्टी कुणी भरली हे वाक्यात कुठेच नाही, तरी कुणालाही शंका येत नाही. इंग्रजी वाचणारा मात्र पेइंग दिसलं, की भरणारा कोण ते स्वल्पविरामापलीकडच्या कर्त्यात शोधतो. तिथे त्याला सापडतं पाणी. म्हणजे बिल पाण्याने भरलं! दुरुस्ती एकच: स्वल्पविरामानंतर ज्याने बिल भरलं त्यालाच उभं करा.

डिस्पाइट पेइंग द बिल ऑन टाइम, वी गेट नो वॉटर.

आयएनजी वापरलं, की प्रत्येक वेळी विचारा: ही क्रिया कुणी केली, आणि स्वल्पविरामानंतरचा पहिला माणूस तोच आहे का? दोन वेगळी माणसं असतील तर आयएनजी सोडा आणि सरळ ऑलदो वापरा: ऑलदो वी पेड द बिल, नोबडी केम.

हाउएव्हर: हा जोडत नाही

तिघांत सगळ्यात जास्त चुकतो तो हाच. चूक अशी दिसते:

द रिझर्व्हॉयर इज फुल, हाउएव्हर अवर टॅप्स आर ड्राय.

लिहिणाऱ्याने हाउएव्हरला ‘पण’ समजलेलं असतं. “राकसकोप भरलंय, पण नळ कोरडे आहेत” यात स्वल्पविराम आणि पण चालतं, मग हाउएव्हर का नाही? कारण बट दोन वाक्यांना बांधतो आणि हाउएव्हर बांधत नाही. तो दुसऱ्या वाक्याच्या आत बसतो आणि फक्त मागच्या वाक्याकडे बोट दाखवतो. बांधण्याचं काम विरामचिन्हालाच करावं लागतं, आणि स्वल्पविरामात तेवढी ताकद नाही.

शब्द बांधणारा आहे की नाही, हे तपासायला तो हलवून बघा. हाउएव्हर दुसऱ्या वाक्यात कुठेही सरकतो:

हाउएव्हर, अवर टॅप्स आर ड्राय.

अवर टॅप्स, हाउएव्हर, आर ड्राय.

अवर टॅप्स आर ड्राय, हाउएव्हर.

बट असा सरकवून बघा, वाक्य मोडतं. जो शब्द जागेवरून हलतो तो दोन वाक्यांचा सांधा धरून ठेवू शकत नाही, एवढं लक्षात राहिलं तरी ही चूक सहसा होत नाही. कन्नड बोलणाऱ्यांना आदरे आणि आदरू यांतला फरक कानाने माहीत असतो. आदरे म्हणजे आपला पण, आणि आदरू म्हणजे तरीसुद्धा. हाउएव्हर आदरूच्या बाजूचा.

तर लिहायचं कसं? दोन रीती. दोन वाक्यांमध्ये पूर्णविराम द्या आणि दुसरं वाक्य हाउएव्हरने सुरू करा:

द रिझर्व्हॉयर इज फुल. हाउएव्हर, अवर टॅप्स आर ड्राय.

किंवा दोन्ही वाक्यं जवळची वाटत असतील तर अर्धविराम:

द रिझर्व्हॉयर इज फुल; हाउएव्हर, अवर टॅप्स आर ड्राय.

दोन्हीकडे हाउएव्हरनंतर स्वल्पविराम आहे. फरक इंग्रजी लिपीत दिसतो: पूर्णविरामानंतर हाउएव्हरचं पहिलं अक्षर मोठं, अर्धविरामानंतर लहान. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नसतात, म्हणून आपल्या मुलांच्या वह्यांत अर्धविरामानंतरही मोठं अक्षर सर्रास दिसतं. वही तपासताना आधी तिथेच बघावं.

मधल्या जागेची रीत मला सगळ्यात आवडते, कारण ती आपल्या ‘मात्र’च्या फार जवळची आहे. “नळ मात्र कोरडे आहेत” म्हटलं की जोर नळावर जातो. “अवर टॅप्स, हाउएव्हर, आर ड्राय” यातही जोर हाउएव्हरच्या आधीच्या शब्दावर, म्हणजे नळावरच येतो. मराठी कान असलेल्या माणसाला ही जागा आपोआप सापडते. फक्त आपण ‘मात्र’ला विराम देत नाही, आणि इंग्रजीत दोन्ही बाजूंना स्वल्पविराम लागतो. एकच दिला तर वाक्य अर्धवट उघडं राहतं.

याच स्पेलिंगचा एक दुसरा हाउएव्हर आहे, त्याचा अर्थ ‘कितीही’. हाउएव्हर फुल द रिझर्व्हॉयर इज, अवर टॅप्स स्टे ड्राय. धरण कितीही भरलं तरी नळ कोरडेच. इथे हाउएव्हरला लागून फुल हे विशेषण आलं आहे, म्हणून त्याच्यापुढे स्वल्पविराम नाही. तो टाकला तर अर्थच बदलतो.

एक अर्ज तपासून बघू

आता हे सगळं एका ठिकाणी. गल्लीतल्या पाण्याबद्दलच्या अर्जातला एक परिच्छेद, जसा पहिल्या फटक्यात लिहिला जातो तसा:

ऑलदो द रिझर्व्हॉयर इज फुल, बट अवर टॅप्स आर ड्राय. डिस्पाइट ऑफ पेइंग द बिल ऑन टाइम, द वॉटर कम्स ओन्ली वन्स इन एट डेज. वी कम्प्लेन्ड ट्वाइस, हाउएव्हर नोबडी केम.

पहिल्या वाक्यातला बट काढा, वाक्य सरळ होतं. दुसऱ्यात दोन दोष आहेत. ऑफ नको, आणि बिल पाण्याने भरलेलं नाही, आम्ही भरलं आहे. म्हणून: डिस्पाइट पेइंग द बिल ऑन टाइम, वी गेट वॉटर ओन्ली वन्स अ वीक. जाता जाता आठ दिवसही बदलले. आपण ‘आठ दिवसांनी’ म्हणतो तेव्हा आठवड्याने म्हणायचं असतं, पण इंग्रजीत एट डेज लिहिलं की वाचणारा खरंच आठ मोजतो.

तिसऱ्या वाक्यात विराम तोकडा पडला आहे. नियमाने दुरुस्ती अशी: वी कम्प्लेन्ड ट्वाइस; हाउएव्हर, नोबडी केम. आता ते बरोबर आहे, पण मी हे असं ठेवणार नाही. तीन वाक्यांत तीन वजनदार जोडशब्द आले की परिच्छेद अवघडतो, आणि “नोबडी केम”सारख्या दोन शब्दांच्या वाक्यापुढे हाउएव्हर जरा जास्तच औपचारिक दिसतो. इथे बट शोभतो:

वी कम्प्लेन्ड ट्वाइस, बट नोबडी केम.

पहिल्या वाक्यातून हाकललेला बट असा योग्य जागी कामाला लागला. त्याच्या आधी स्वल्पविराम पुरेसा आहे, नंतर नको.

समजा, या अर्जाला उत्तर आलं: ऑलदो सम एरियाज मे हॅव लो प्रेशर, द सप्लाय इज रेग्युलर. रेघ कुठे आहे ते आता तुम्हाला दिसेल. कमी दाब ही मान्य करून बाजूला सारलेली गोष्ट आहे, आणि ठासून सांगितलंय ते पुरवठा नियमित असल्याचं. प्रत्युत्तरात त्यांचं ठाम विधान आपण मान्य केलेल्या जागी ढकलायचं आणि आपलं पुढे आणायचं. ऑलदोने ते होईल, पण त्यांचंच वाक्य समोर ठेवून नळावर जोर द्यायचा असेल तर मधला हाउएव्हर जास्त चांगला:

द सप्लाय मे बी रेग्युलर इन अदर एरियाज; अवर टॅप्स, हाउएव्हर, हॅव बीन ड्राय सिन्स मंडे.

दोन वाक्यांच्या मध्ये अर्धविराम आहे आणि हाउएव्हरच्या दोन्ही अंगांना स्वल्पविराम. अर्धविरामानंतरचं अवर लहान अक्षराने सुरू करा. मंडे मात्र वाराचं नाव आहे, त्याचं पहिलं अक्षर मोठंच.